काम कुठवर आले?

(लघुउद्योजकांच्या मासिक बैठकीतील व्याख्यानाचा मजकूर)



सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी भ्रमणध्वनीवर संदेश येतो. वर उगवत्या सूर्याचे चित्र, खाली ‘सुप्रभात’ आणि त्याखाली, अगदी सहज सुचल्यासारखे, एक वाक्य : ‘काम कुठवर आले?’ ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार सेवाव्यवसायातील प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. सूर्याचे चित्र निमित्तमात्र असते. खरी गोष्ट ते शेवटचे वाक्य असते. अशी वाक्ये दिवसभरात दहा-बारा वेळा आली, की कार्यालयातील अर्धे मनुष्यबळ काम करण्याऐवजी कामाविषयी सांगण्यात खर्ची पडते.

या दुखण्यावर एक साधा उपाय अनेक ठिकाणी वापरला जातो. कामांचा एक सामायिक फलक मांडायचा, तो ग्राहकालाही दिसेल असा ठेवायचा, आणि काम कुठवर आले ते त्याने विचारण्याआधी त्याला पाहता येईल अशी सोय करायची. ऐकायला हे इतके सोपे वाटते, की बहुतेक जण तो फलक एका दुपारी उभा करतात आणि महिनाभरात सोडूनही देतात. तो का सोडला जातो आणि कसा टिकतो, हे कळण्यासाठी एक उदाहरण डोळ्यांसमोर आणावे लागेल.

पुण्यात पाच जणांचे एक छोटे कार्यालय आहे असे समजावे. संकेतस्थळे तयार करणे हा त्यांचा व्यवसाय. नाशिककडील एका शिक्षणसंस्थेने त्यांना मार्चच्या आरंभी काम दिले : संस्थेचे नवे संकेतस्थळ, त्यावर मराठी व इंग्रजी माहिती, प्रवेशाचा अर्ज आणि शुल्क भरण्याची व्यवस्था. प्रवेश 1 जूनला सुरू व्हायचे, म्हणून ही तारीख न हलणारी. संस्थेच्या बाजूने तीन माणसे या कामाशी संबंधित. कार्यवाह, प्राचार्य आणि एक वयोवृद्ध विश्वस्त. कार्यालयाच्या बाजूने बोलणारे एकच, म्हणजे त्याचे चालक.

दुसऱ्याच आठवड्यात चालकांची तारांबळ उडू लागली. तेव्हा त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. वैतागण्याऐवजी आठवडाभर आलेले संदेश मोजले. ते 41 भरले. त्यांपैकी 7 निव्वळ शुभेच्छांचे होते आणि 8 मध्ये कामाला लागणारी खरी माहिती होती. उरलेले 26 म्हणजे ‘कुठवर आले’ याचीच निरनिराळी रूपे. त्या 26 कडे पुन्हा पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्यांतील 9 प्रश्न ज्या कामांविषयी होते, ती कामे संस्थेकडूनच काही यायचे राहिल्यामुळे अडली होती. कार्यवाह विचारत होते, ‘शुल्क भरण्याचे कधी होणार?’ आणि शुल्क भरण्याची व्यवस्था थांबली होती ती संस्थेची कागदपत्रे न आल्यामुळे.

फलक मांडण्यापूर्वी ही मोजणी अवश्य करावी. ग्राहक वारंवार विचारतो याचे कारण त्याचा उतावीळ स्वभाव, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. क्वचित ते खरेही असते. परंतु संदेश नीट वाचले तर त्यांत तीनच शंका असतात : आमचे काम हातात घेतले आहे की नाही, ते कोणापाशी अडले आहे, आणि आम्हाला प्रत्यक्ष पाहायला कधी मिळणार. संघटनेच्या कामात वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ठरलेल्या दिवशी बैठक होणार आणि तिथे प्रत्येक कामाचे वृत्त येणार हे ठाऊक असले, की मधल्या दिवसांत कोणी कोणाच्या मागे लागत नाही. ज्याला वृत्त कधी मिळणार हे माहीत नसते, तोच रोज विचारतो.

विचारण्याने होणारे नुकसान केवळ वेळेचे नव्हते. चालकांना प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतःला ठाऊक नसे. ते काम करणाऱ्या मुलाला विचारत. तो हातातले सोडून उत्तर देई. ते उत्तर चालक आपल्या शब्दांत संस्थेला कळवीत. सकाळी अकराला कार्यवाहांना ‘अर्ज जवळपास झाला’ असे कळवले गेले आणि दुपारी चारला प्राचार्यांना ‘अर्जाची तपासणी राहिली आहे’ असे. दोन्ही खरेच होते. पण सायंकाळी कार्यवाह आणि प्राचार्य भेटले, दोन उत्तरे शेजारी ठेवली गेली, आणि विश्वस्तांचा दूरध्वनी आला : ‘तुम्ही एकाला एक सांगता, दुसऱ्याला दुसरे. आम्ही समजायचे तरी काय?’ येथे प्रश्न विश्वासाचा झाला. संस्थेने दुसरा हप्ता रोखून धरण्याची भाषा सुरू केली. पाच जणांच्या कार्यालयात एक हप्ता अडला, की पुढच्या महिन्याचे पगार अडतात.

फलकाच्या कल्पनेचे मूळ जपानमध्ये आहे. टोयोटा कारखान्यात ताईची ओहनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत जी उत्पादनपद्धती विकसित केली, तिच्यात सुट्या भागांबरोबर एक कार्ड फिरत असे. त्याला कानबान म्हणत. पुढच्या टप्प्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्या टप्प्याने नवा माल करायचा नाही, हा नियम. पुढे संगणकप्रणाली तयार करणाऱ्यांनी ही रीत उचलली, आणि 2011 मध्ये आलेल्या ट्रेलोसारख्या साधनांनी ती सामान्य कार्यालयांच्या आवाक्यात आणली. ज्यांना स्वदेशी साधन हवे, त्यांना चेन्नईच्या झोहोचे ‘प्रोजेक्ट्स’ आहे; त्यात ग्राहकाला वेगळा, मर्यादित प्रवेश देता येतो. मात्र साधन कोणते हा मुद्दा दुय्यम आहे. फलक फसतो तो साधनामुळे क्वचितच.

त्या कार्यालयाचा पहिला फलकही फसला. चालकांनी घाईघाईने आपला अंतर्गत फलकच संस्थेला उघडून दिला. त्यावर 64 कार्डे होती. ‘फॉर्म व्हॅलिडेशन’, ‘सर्व्हर मायग्रेशन’, ‘सीएसएस दुरुस्ती’ अशी त्यांची नावे. काम करणाऱ्यांना ती पुरेशी होती. प्राचार्यांना त्यांतून काहीच बोध होईना. त्यातच एखादे कार्ड तपासणीत चूक निघाल्याने ‘झाले’ मधून ‘चालू’ मध्ये परत येई. कार्यालयात ही रोजची गोष्ट. विश्वस्तांना मात्र वाटले, की झालेले काम मोडले. आठवडाभरात संदेश कमी होण्याऐवजी वाढले, कारण आता प्रत्येक कार्डाविषयी प्रश्न येऊ लागला. आणि एका कार्डाखाली कोणा मुलाने आपल्या सहकाऱ्यासाठी लिहिलेली टिप्पणी, ‘ही मागणी निरर्थक आहे, तरी करू’, कार्यवाहांनी वाचली. त्या दिवशीचा दूरध्वनी कसा झाला असेल, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

चालकांनी दुसऱ्या वेळी दोन फलक केले. एक कार्यालयाचा, एक संस्थेला दिसणारा. आतल्या फलकावर कार्डे कितीही असोत, बाहेरच्या फलकावर 15 च ठेवली. निकष एकच : जी गोष्ट ग्राहक स्वतः पाहू शकतो आणि ‘ठीक आहे’ म्हणू शकतो, तिचे एक कार्ड. ‘फॉर्म व्हॅलिडेशन’ हे कार्ड नव्हे. ‘पालकांना प्रवेश अर्ज भरता येतो, आणि चुकीचा दूरध्वनी क्रमांक घातल्यास अर्ज तसे सांगतो’ हे कार्ड. आतल्या पाच-सहा कामांचे मिळून बाहेर एक कार्ड होते. आतली कार्डे मागे-पुढे झाली, तरी बाहेरचे कार्ड जागचे हलत नाही. यामुळे दुप्पट नोंदी कराव्या लागतात, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. परंतु 15 कार्डांची नोंद आठवड्यातून दोनदा करायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. 26 प्रश्नांना उत्तरे देण्यात यापेक्षा कितीतरी अधिक वेळ जातो.

बाहेरच्या फलकावर रकाने सहा होते. ‘नव्या सूचना’, ‘पुढे घ्यायचे’, ‘काम चालू’, ‘आपल्या उत्तराची प्रतीक्षा’, ‘आपण पाहून घ्यावे’ आणि ‘पूर्ण’. यांतील चौथा आणि पाचवा हे दोन रकाने खरे महत्त्वाचे. बाजारात मिळणाऱ्या तयार नमुन्यांत बहुधा ‘करायचे, चालू, झाले’ असे तीनच रकाने असतात. ते तीन रकाने कार्यालयाचे कामकाज दाखवतात. ग्राहकाचे काम दाखवत नाहीत. वास्तविक अशा कामांत बराचसा विलंब ग्राहकाच्या दारात होतो आणि तो दिसला नाही, की सगळा कार्यालयाच्या माथी बसतो. ते 9 प्रश्न याच अंधारातून आले होते.

प्रत्येक कार्डावर पाच ओळी असाव्यात, अधिक नकोत. काय होणार ते ग्राहकाच्या भाषेत, कार्यालयातील कोण पाहत आहे, अपेक्षित तारीख, पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे, आणि शेवटची ओळ आजच्या स्थितीची, तारखेसह. ही शेवटची ओळच संदेश थांबवते. ‘काम सुरू आहे’ असे तिथे लिहिणे म्हणजे न लिहिण्यासारखेच. ‘8 एप्रिल : अर्जाची पहिली दोन पाने झाली. छायाचित्र जोडण्याचा भाग राहिला. 11 तारखेला पाहता येईल’ अशी ओळ वाचल्यावर पुढचा प्रश्न उरत नाही. ज्या ओळीत पुढची तारीख नाही, तिच्यातून प्रश्न जन्माला येणारच.

माहितीपुस्तिकेच्या कार्डाचे काय झाले, ते पाहिले तर ही रचना कशी चालते ते कळेल. संस्थेची 14 पानी माहितीपुस्तिका कित्येक वर्षे एकाच छापखान्यात तयार होत आलेली. तिचा मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. असा मजकूर संकेतस्थळावर थेट चिकटवला, तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांत रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. कार्यालयाने रूपांतर दोन दिवसांत केले. परंतु ‘निर्णय’ चे ‘नर्णिय’ झाले आहे की नाही, हे 14 पाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय कळत नाही. आणि विषयांची, शिष्यवृत्त्यांची, प्राध्यापकांची नावे बरोबर आहेत का, ते संस्थेबाहेरच्या माणसाला सांगता येत नाही.

जुन्या रीतीने हे काम ‘जवळपास झाले’ या शब्दांत महिनाभर लोंबकळले असते. फलकावर मात्र कार्डाची चौथी ओळ होती : ‘प्राचार्यांनी 14 ही पाने वाचून मान्य केली, म्हणजे पूर्ण.’ कार्ड ‘आपण पाहून घ्यावे’ या रकान्यात गेले. प्राचार्यांनी चार पाने वाचली, अकरा चुका कार्डाखाली लिहिल्या. कार्ड ‘काम चालू’ मध्ये परत आले, पण या वेळी कोणाला नवल वाटले नाही, कारण कशासाठी परत आले ते खालीच लिहिलेले होते. तीन फेऱ्यांत काम संपले. या दहा-बारा दिवसांत या विषयावर एकही ‘कुठवर आले’ आले नाही. अकरा चुकांविषयीचे संदेश आले. ते यायलाच हवे होते.

‘काम चालू’ या रकान्यात एका वेळी तीनपेक्षा अधिक कार्डे ठेवायची नाहीत, असा नियम चालकांनी केला. ग्राहकाला हा नियम प्रथम रुचत नाही. त्याला वाटते, सगळीच कामे एकदम सुरू असलेली बरी. येथे एक हिशेब उपयोगी पडतो; तो जॉन लिट्ल या अमेरिकन अभ्यासकाने 1961 मध्ये सिद्ध करून दाखवला. आठवड्याला सरासरी तीन कार्डे पूर्ण होत असतील आणि एका वेळी बारा उघडी ठेवली, तर प्रत्येक कार्डाला सरासरी चार आठवडे लागतात. तीनच उघडी ठेवली, तर एक आठवडा. काम करण्याचा वेग दोन्हीकडे तोच. फरक एवढाच, की पहिल्या रीतीत हाती घेतलेले कार्ड पूर्ण होऊन दिसायला ग्राहकाला सरासरी चार आठवडे थांबावे लागते आणि दुसरीत एकच आठवडा. हा सरासरीचा हिशेब आहे, एखाद्या कार्डाची तारीख तो सांगत नाही. कामाचा ओघ साधारण एकसारखा असेल तरच तो जुळतो. तरीही ‘सगळे एकदम का नाही’ या प्रश्नाला कार्यवाहांपुढे मांडण्याजोगे ते उत्तर होते, आणि त्यांना ते पटले.

शुल्क भरण्याच्या व्यवस्थेचे कार्ड हा या प्रकरणाचा कळीचा भाग. अशी व्यवस्था पुरवणाऱ्या कंपन्या संस्थेची ओळख पटवल्याखेरीज खाते उघडत नाहीत. विश्वस्त-नोंदणीची प्रत, संस्थेचे पॅन, बँकखात्याचा पुरावा, अधिकृत सही करणाऱ्याची ओळखपत्रे अशी कागदपत्रे लागतात. शिवाय संकेतस्थळावर संपर्काचा पत्ता, शुल्क परत करण्याचे धोरण आणि गोपनीयतेचे धोरण आधी दिसावे लागते. यांतील काहीच संकेतस्थळ करणाऱ्याच्या हातात नसते. कार्ड 3 एप्रिलला ‘आपल्या उत्तराची प्रतीक्षा’ मध्ये गेले आणि तिथे 19 दिवस राहिले.

या 19 दिवसांत कार्यालयाने काय लिहिले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. ‘संस्थेकडून अजून कागदपत्रे आलेली नाहीत’ असे लिहिणे सोपे होते. ते खरेही होते. पण तीन जण पाहत असलेल्या फलकावर ते कार्यवाहांच्या नावाने लावलेले आरोपपत्र झाले असते. त्याऐवजी ओळ होती : ‘विश्वस्त-नोंदणीची साक्षांकित प्रत हवी. ती आल्यानंतर पडताळणीस काही दिवस लागतात. 20 एप्रिलपर्यंत आल्यास शुल्क भरण्याची चाचणी 5 मेला करता येईल.’ काय हवे, ते आल्यावर काय होईल, आणि उशीर झाल्यास कोणती तारीख हलेल, एवढेच. कोणाकडून राहिले, ते प्रत्येक जण आपले आपण समजतो. 22 तारखेला प्रत आली, चाचणीची तारीख 5 वरून 8 मेवर गेली, आणि कार्यालयाने ती त्याच दिवशी कार्डावर बदलून मागची तारीखही तशीच खाली राहू दिली. जुनी तारीख पुसून नवी लिहिली, की फलकावरचा विश्वास तेथेच संपतो.

एप्रिलच्या अखेरीस संस्थेच्या व्यवस्थापन समितीची बैठक होती. हप्ता रोखण्याचा विषय त्या बैठकीत यायचा होता. प्राचार्यांनी फलक पडद्यावर लावला. नऊ कार्डे ‘पूर्ण’ मध्ये, तीन चालू, दोन संस्थेच्या उत्तरासाठी थांबलेली, एक पाहणीसाठी. चर्चा कार्यालय उशीर करते की काय येथून सुरू झाली आणि ती दोन कार्डे कोण मार्गी लावणार येथे संपली. हप्ता दुसऱ्या दिवशी निघाला. फलकाने कार्यालयाचे समर्थन केले असे नव्हे; चालू असलेल्या तीनांपैकी एक कार्ड कार्यालयाच्याच दिरंगाईने आठवडाभर मागे होते, आणि तेही समितीला दिसलेच. त्याबद्दल चालकांना बोलणी खावी लागली. फलक दोन्ही बाजूंनी पारदर्शक असतो आणि ज्याला आपला उशीर झाकायचा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

हे सगळे उभे राहते ते एका शिस्तीवर. मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता कार्डांवरील शेवटच्या ओळी नव्या होतील, असे संस्थेला पहिल्याच दिवशी सांगितले होते. रोज नोंद करण्याचे वचन देऊ नये. ते पाळले जात नाही. आठवड्यातून एकदाच केली, तर मधल्या दिवसांत हात पुन्हा भ्रमणध्वनीकडे जातो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात नोंदी करणारा मुलगा आजारी पडला. आठ दिवस फलक जसाच्या तसा राहिला. पहिल्या शुक्रवारी कोणी काही बोलले नाही. पुढच्या मंगळवारी सायंकाळी सहाला कार्यवाहांचा संदेश आला, बुधवारी तिघांचेही. दोन नोंदी चुकल्या आणि दोन महिन्यांत लागलेली सवय मोडली. फलक शिळा झाला हे ओळखण्याची खूण हीच : कार्डावरची शेवटची तारीख ठरलेल्या दिवसापेक्षा जुनी असणे. त्यानंतर चालकांनी नोंदीसाठी दुसरे एक नाव राखीव ठेवले आणि काही घडले नसेल, तरी ‘या आठवड्यात हे काम हातात घेतलेले नाही; 16 मेला घेऊ’ असे लिहायचे ठरवले. न झालेल्या कामाची अशी नोंदही प्रश्न थांबवते.

तरी काही जण विचारतातच. त्यांच्याशी कसे वागावे, यात नवखे लोक चुकतात. ‘फलकावर पाहा’ असे उत्तर देणे उद्धटपणाचे आहे, विशेषतः विश्वस्तांसारख्या वडीलधाऱ्यांना. चालकांची रीत अशी होती. प्रश्न आला, की उत्तर आधी कार्डावर लिहायचे आणि मग त्या कार्डाचा दुवा उत्तरादाखल पाठवायचा. त्यामुळे एकाला दिलेले उत्तर तिघांना मिळते आणि दोन उत्तरांत तफावत राहत नाही. विश्वस्तांनी मात्र एकदाही फलक उघडला नाही. त्यांच्यासाठी दर शुक्रवारी फलकाचे एक पान मोठ्या अक्षरांत छापून संस्थेच्या कार्यालयात ठेवले जाई. ते पान हातात घेऊनच ते दूरध्वनी करीत, आणि त्यांचे प्रश्न इतर दोघांपेक्षा नेमके असत.

‘नव्या सूचना’ या रकान्याविषयी सावध राहायला हवे. तो ठेवला नाही, तर नव्या मागण्या चालू कार्डांच्या टिप्पण्यांत शिरतात आणि कार्ड कधीच पूर्ण होत नाही. तो ठेवला, तर ग्राहकाला वाटते, की लिहिले म्हणजे होणार. कार्यालयाने त्या रकान्याच्या माथ्यावर एक कायमचे कार्ड ठेवले होते : येथील सूचनेवर खर्च व तारीख कळवली जाईल, मान्यता आल्यावर ती ‘पुढे घ्यायचे’ मध्ये जाईल. माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची सूचना अशीच आली आणि जूननंतर घ्यायचे ठरले. खर्चाची बोलणी मात्र फलकावर केली नाहीत. ती पत्राने झाली. पैसा, मतभेद आणि क्षमायाचना या तीन गोष्टी फलकावर लिहिण्याच्या नव्हेत. त्या प्रत्यक्ष बोलून मिटवाव्यात.

फलकावर न ठेवण्याच्या आणखी काही गोष्टी आहेत. शुल्काच्या चाचणीसाठी कोणी खात्याचा पासवर्ड कार्डावर टाकतो, कोणी अर्जाचा नमुना म्हणून खऱ्या विद्यार्थ्याची माहिती जोडतो. फलक ‘सार्वजनिक’ असा ठेवला असेल, तर दुवा नसलेल्या माणसालाही तो शोधयंत्रातून सापडू शकतो. 2018 मध्ये अशा सार्वजनिक ठेवलेल्या ट्रेलो फलकांवर अनेक कार्यालयांचे पासवर्ड उघडे पडल्याचे बाहेर आले होते. ‘सर्वांना दिसणारा’ हा पर्याय सोयीचा वाटतो, कारण ग्राहकाला खाते उघडावे लागत नाही. पण ती सोय घेऊ नये. तिघांना नावानिशी प्रवेश द्यावा. एका फलकावर दोन ग्राहक तर कधीच नसावेत. फुकट मिळणाऱ्या योजनांत सदस्यांच्या संख्येवर मर्यादा असते आणि पाहुणे सदस्यही तीत धरले जाण्याचा संभव असतो, म्हणून ग्राहकाला बोलावण्यापूर्वी ती तपासावी.

मेच्या मध्यावर चालकांनी पुन्हा एक आठवडा मोजणी केली. आजारपणानंतरचा, नोंदी सुरळीत झालेला आठवडा. 23 संदेश आले. त्यांत स्थिती विचारणारे 4 होते, शुभेच्छांचे 7 तसेच होते, आणि कामाच्या मजकुराविषयीचे 8 वरून 12 झाले होते. एकूण आकडा पाहून समाधान मानणाऱ्याला यातले खरे इंगित कळणार नाही. स्थिती विचारणे कमी झाले आणि कामाविषयी बोलणे वाढले, अशी ही दिशा असते. दोन्ही एकदम घटले, तर ग्राहकाने फलक पाहणेच सोडले आहे काय, हे तपासायला हवे. त्यासाठी ‘आपण पाहून घ्यावे’ मधले कार्ड किती दिवस पडून राहते, ते मोजावे. तिथे आठवडा उलटू लागला, तर दूरध्वनी करण्याची पाळी कार्यालयाची असते.

1 जूनला प्रवेश सुरू झाले. फलकावर त्या दिवशी एक कार्ड उरले होते, इंग्रजी पानांवरील दोन छायाचित्रांचे. ते 4 जूनला संपले. त्यानंतर चालकांनी फलकाची प्रत संस्थेला पाठवली, तिघांचा प्रवेश काढून घेतला आणि फलक बंद केला. तो उघडा ठेवला असता, तर देखभालीचा करार होण्याआधीच ‘नव्या सूचना’ पुन्हा भरू लागल्या असत्या. देखभालीचे पत्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाले आणि त्यासाठी वेगळा, चारच रकान्यांचा फलक उघडला गेला. त्याचे पहिले कार्ड माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे आहे. विश्वस्तांच्या शुक्रवारच्या पानाची सोय मात्र त्या करारात कलम म्हणून लिहून घेण्यात आली; ती संस्थेची मागणी होती.